कपडे किलोने द्यावेत की नगाने? एका घराच्या आठवड्याचा हिशोब

"किलोने दिलं की स्वस्त पडतं" हे वाक्य गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडेही ऐकू यायला लागलंय. कल्याण-डोंबिवलीकडे किलोवर कपडे धुऊन देणारी दुकानं निघाली. कसारा लोकलने रोज कामाला जाणारी माणसं ते बोर्ड बघतात आणि घरी येऊन सांगतात. आपल्या बाजूला मात्र लाँड्रीवाला अजून नगावरच पैसे घेतो. शर्टाचे इतके, पँटचे इतके, साडीचे इतके. मग प्रश्न येतोच, यातलं स्वस्त कुठलं?

माझं मत आधीच सांगून टाकते. हा प्रश्न असा विचारला तर त्याला उत्तरच नाही. "पिशवीत काय आहे?" हे विचारल्याशिवाय "कुठलं स्वस्त?" हे सांगता येत नाही. आणि आपल्या पुस्तकातल्या उदाहरणांची सवय झालेल्या मुलांना (आणि मोठ्यांनाही) हे पटकन लक्षात येत नाही. पुस्तकात दोन दुकानं एकच वस्तू एकाच मापाने विकतात. इकडे साखर 42 रुपये किलो, तिकडे 44 रुपये किलो, सांगा स्वस्त कुठे. इथे एक दुकान मोजतंय आणि दुसरं तोलतंय. दोन्ही मापं एकमेकांसमोर आणायची तर मधे एक माहिती लागते, ती म्हणजे एका कपड्याचं वजन. ती बोर्डावर नसते. ती आपल्याला काढावी लागते.

आपल्या भागात हा हिशोब नुसता गंमतीचा नाही. उंबरमाळी म्हणजे कसाऱ्याच्या घाटाच्या अलीकडचं गाव. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. चादर वाळत घातली तर चौथ्या दिवशी तिला कुबट वास येतो. ज्यांच्या घरी बाळ आहे किंवा म्हातारं माणूस अंथरुणाला आहे, त्यांची तर फारच पंचाईत. अशा दिवसांत एरवी लाँड्रीचं नाव न काढणारी घरंही विचार करायला लागतात की थोडे कपडे बाहेर द्यावेत का. आणि तेव्हाच पैशाचीही ओढ असते, कारण शाळेचा खर्च, भात लावणीचा खर्च, सगळा त्याच महिन्यांत येतो.

आमच्या एका पालकांच्या घरचा हिशोब मी पाचवीच्या मुलांकडून करून घेतला. त्यांना विचारूनच इथे मांडतेय, नाव देत नाही. घरात पाच माणसं. वडील रोज लोकलने कल्याणकडे कामाला जातात. आई अंगणवाडीच्या कामात. आजी नऊवारी नेसणारी. दोन मुलं शाळेत. वडिलांचा रेल्वेचा पास असल्यामुळे कल्याणला पिशवी नेण्याआणण्याचा वेगळा खर्च नाही, म्हणून दोन्ही दुकानांची तुलना करता आली. एक दुकान कल्याणचं, किलोवालं. दुसरं आपल्याच बाजूचं, नगावालं.

आधी वजन. एकेक कपडा काट्यावर ठेवला तर छोट्या कपड्यांचं वजन नीट कळत नाही, कारण आमच्या ताणकाट्यावर 100 ग्रॅमच्या खुणा आहेत. म्हणून मुलांनी एका जातीचे कपडे एकत्र बांधून तोलले आणि मग नगांनी भागलं. सहा शर्ट मिळून 1320 ग्रॅम भरले, म्हणजे एक शर्ट 220 ग्रॅमचा. भागाकार कशासाठी शिकायचा, हे असं एखादं काम हातात असल्यावर सांगावं लागत नाही. परकर आणि ब्लाऊजची जोडी 275 ग्रॅम, सुती नसलेली साडी 400, आजीचं सुती लुगडं 650, पँट 450, मुलांच्या गणवेशाचा नग सरासरी 150, घरात घालायचे टी-शर्ट-फ्रॉक तेही 150, टॉवेल 400, चादर 700. एका मुलीने विचारलं, "बाई, आजीचं लुगडं एवढं जड कसं?" मग लुगडं उलगडून लांबी मोजणं आलं. ते वेगळंच प्रकरण झालं, इथे लिहीत बसत नाही.

त्या आठवड्याचे कपडे असे होते: शर्ट 6, पँट 3, साड्या 4, लुगडी 3, परकर-ब्लाऊजच्या जोड्या 4, गणवेशाचे नग 8, घरचे कपडे 10, टॉवेल 3 आणि चादरी 2. आतले कपडे आणि मोजे घरीच धुतले जातात, ते यात नाहीत. सगळं मिळून 47 नग, वजन 12 किलो 620 ग्रॅम. कपडे कोरडे असताना.

आता दर. आपल्या बाजूच्या दुकानात धुऊन, लागेल तिथे इस्त्री करून शर्टाला 25 रुपये, पँटला 30, साडीला 60, लुगड्याला 80, परकर-ब्लाऊजच्या जोडीला 35, गणवेशाच्या नगाला 15, घरच्या कपड्याला 20, टॉवेलला 20 आणि चादरीला 40. या दराने बिल होतं 1320 रुपये. कल्याणच्या दुकानात दोन दर आहेत. नुसतं धुऊन, वाळवून, घडी घालून 80 रुपये किलो. इस्त्रीसकट 120 रुपये किलो. वर दोन अटी, कमीत कमी तीन किलोचे पैसे, आणि वरचे ग्रॅम पुढच्या किलोत धरायचे. म्हणजे आपले 12 किलो 620 ग्रॅम तिथे 13 किलो. इस्त्रीसकट 1560 रुपये.

म्हणजे किलोने स्वस्त पडायला हवं होतं, ते इथे 240 रुपयांनी महाग पडलं. वर्गात मुलं म्हणाली, "नगाचं दुकान जिंकलं." तिथेच थांबलं तर अर्धंच गणित झालं. खरी मजा नग नग वेगळा केल्यावर आहे.

त्यासाठी एक सोपी युक्ती मुलांना दिली. 120 रुपये किलो म्हणजे 100 ग्रॅमला 12 रुपये. आता प्रत्येक कपड्याला किलोच्या दुकानात किती पडतात ते काढा. शर्ट 220 ग्रॅम, म्हणजे 26 रुपये 40 पैसे. नगावर 25. जवळजवळ बरोबरी. लुगडं किलोवर 78, नगावर 80. पुन्हा बरोबरी. परकर-ब्लाऊज 33 आणि 35. घरचा कपडा 18 आणि 20. गणवेश 18 आणि 15. साडी मात्र किलोवर 48 आणि नगावर 60, इथे किलो स्वस्त. आणि मग ही तीन नावं बघा. पँट किलोवर 54, नगावर 30. टॉवेल किलोवर 48, नगावर 20. चादर किलोवर 84, नगावर 40.

कळलं ना काय झालं? नऊ जातींपैकी सहांमध्ये फारसा फरकच नाही. उलट त्या सहा जाती मिळून किलोवर सुमारे 50 रुपये वाचतात. सगळा घोटाळा पँट, टॉवेल आणि चादर या तिघांचा आहे. या आठ नगांना किलोवर 474 रुपये पडतात आणि नगावर 230. म्हणजे कपडे 47 आहेत, पण निकाल आठ कपडे लावतात. ज्या घरात पँट, टॉवेल आणि चादरी बाहेर द्यायच्या नाहीत, त्या घराचा निकाल उलटा येईल, तोही दुकानांचे दर अगदी तेच असताना.

मोठ्या मुलांना याचं उलट गणितही देता येतं. नगाच्या दराला किलोच्या दराने भागलं की बरोबरीचं वजन मिळतं. टॉवेलला 20 रुपये, आणि 100 ग्रॅमला 12 रुपये, म्हणजे साधारण 167 ग्रॅम. टॉवेल याहून हलका असेल तर किलोने द्यावा, जड असेल तर नगाने. 167 ग्रॅमचा टॉवेल म्हणजे आपला पातळ पंचा. जाड टर्किशचा टॉवेल कधीच इतका हलका नसतो. म्हणजे टॉवेल किलोने द्यायचाच नाही, हे काट्याशिवायही ठरलं. पालकांना घरी एवढं एकच करून बघा असं मी सांगते. सगळे कपडे तोलू नका, ज्या कपड्याबद्दल शंका आहे त्याचंच बरोबरीचं वजन काढा.

आता हे असं का होतं, हे समजून घेतलं तर दर बदलले तरी आपण फसणार नाही. कपडा धुण्यात दोन वेगळी कामं आहेत. एक धुण्या-वाळवण्याचं. त्याला पाणी लागतं, साबण लागतो, मशीन असेल तर वीज लागते, आणि हे सगळं वजनाच्या मागे जातं. म्हणून तर वॉशिंग मशीनवर सहा किलो, सात किलो असं लिहिलेलं असतं, आणि ते किलो कोरड्या कपड्यांचे असतात. जड कपडा जास्त पाणी पितो, वाळायलाही जास्त वेळ घेतो. दुसरं काम इस्त्रीचं. इस्त्रीवाल्याच्या हाताला वजन कळत नाही. त्याला कळतो नग. कॉलर, बाह्या, पट्टी, पँटची घडी. एक छोटा ब्लाऊज 75 ग्रॅमचा असला तरी त्याच्या बाहीला आणि टिपांना वेळ लागतोच.

कल्याणच्या दुकानात धुण्याचे 80 आणि इस्त्रीसकट 120, म्हणजे इस्त्रीचे किलोमागे 40. आता हे 40 रुपये नगांवर वाटून बघा. ब्लाऊजच्या इस्त्रीचे 3 रुपये पडतात, टी-शर्टच्या 6, पँटच्या 18. आणि टॉवेलच्या इस्त्रीचे 16 रुपये, जो टॉवेल जगात कोणी इस्त्री करत नाही! म्हणजे किलोच्या इस्त्रीत टॉवेलवाला घरचे पैसे भरतो आणि ब्लाऊजवाल्याची इस्त्री स्वस्तात होते. दुकानदार काही लबाडी करत नाही. त्याचं एकूण बसतं. आपलं बसतं का, ते आपण बघायचं.

म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे की इस्त्रीसकट किलोचा दर घरगुती पिशवीसाठी घेऊच नये. धुणं किलोने आणि इस्त्री नगाने, हाच सरळ हिशोब. आपल्या या घराचं बघा. सगळे 13 किलो नुसते धुवायला 1040 रुपये. मग इस्त्री फक्त लागेल त्यांना, आपल्या बाजूच्या इस्त्रीवाल्याकडे. शर्ट-पँटला 8 रुपये, साडीला 20, मुलांच्या गणवेशाच्या नगाला 5. नऊ शर्ट-पँटचे 72, चार साड्यांचे 80, आठ गणवेशांचे 40, मिळून 192. एकूण 1232. इस्त्रीसकट किलोने 1560 होते. म्हणजे त्याच कपड्यांचे 328 रुपये वाचले, आणि इस्त्रीवाल्याला त्याच्या कामाचा नगावर दाम मिळाला. आणखी पुढे जाऊन पँट, टॉवेल, चादरी नगाच्या दुकानात दिल्या (230), बाकीचे 8 किलो 670 ग्रॅम म्हणजे 9 किलो नुसते धुवायला दिले (720) आणि उरलेल्यांना इस्त्री केली (168), तर 1118 रुपयांवर येतं. यापेक्षा खाली मुलांना जाता आलं नाही. कोणाला जमलं तर जरूर सांगा.

पण पुढच्या किलोत धरण्याची अट विसरू नका, ती गुपचूप पैसे खाते. एका गटाने दुसरा पर्याय मांडला होता, तीन जड जाती नगाने आणि बाकीचे सगळे इस्त्रीसकट किलोने. ग्रॅमपर्यंत हिशोब केला तर 1270 रुपये 40 पैसे, म्हणजे नगाच्या बिलापेक्षा जवळपास 50 रुपये कमी. मुलं खूश. पण 8 किलो 670 ग्रॅमचे 9 किलो धरल्यावर बिल झालं 1310. पन्नासची बचत दहावर आली. उरलेल्या 330 ग्रॅमचे पैसे भरून आपण हवा धुवायला दिली असं एक मुलगा म्हणाला. त्याचंच पुढे म्हणणं, "मग त्यात आणखी दोन टी-शर्ट टाकायचे ना, फुकट." बरोबर आहे. किलोने द्यायचं तर घरून तोलून न्यावं आणि पूर्ण किलोच्या जरा खाली थांबावं.

आणि पावसाळ्यात "जरा खाली" म्हणजे किती, हे फार महत्त्वाचं. सुती कापड हवेतला ओलावा शोषून घेतं. कापडाच्या तपासणीत जी ठरलेली हवा धरतात, 20 अंश तापमान आणि 65 टक्के आर्द्रता, तिच्यातसुद्धा 100 ग्रॅम अगदी शुष्क सुती कापड सुमारे साडेआठ ग्रॅम पाणी धरून असतं. पॉलिएस्टर जेमतेम 0.4 ग्रॅम. आपल्याकडे जुलैत हवा त्याहून कितीतरी दमट असते, म्हणजे सुती कपडा हाताला कोरडा लागला तरी जड झालेला असतो. त्यात अंग पुसून दोरीवर टाकलेले टॉवेल. तेच तीन टॉवेल, जे कोरडे असताना 1200 ग्रॅम होते, पावसाच्या सकाळी 1350 ग्रॅम भरले. साडी मात्र जिथल्या तिथे. मुलांनी हे डोळ्यांनी बघितलं, परिसर अभ्यासाचा तास वेगळा घ्यावा लागला नाही.

आता आपल्या 12 किलो 620 ग्रॅमकडे बघा. 13 किलो ओलांडायला फक्त 380 ग्रॅम बाकी आहेत, म्हणजे तीन टक्के. तीन टक्के ओलावा तर पिशवी लोकलच्या दारात उभी राहिली तरी लागेल! आणि तो लागला की 14 किलोचे पैसे. नगाच्या दुकानात हा धोकाच नाही, तिथे ओला टॉवेलही एकच टॉवेल असतो. म्हणून पावसाळ्यात, आपल्या घाटाखालच्या गावांत, मी किलोच्या दराकडे जरा संशयानेच बघते. उन्हाळ्यात तोच दर बरा वाटेल.

वजनाबाबत आणखी एक. किलोचं बिल काट्यावर अवलंबून, तेव्हा काटा आपल्यासमोर हवा. पिशवी ठेवायच्या आधी आकडा शून्य आहे का बघावं. टोपलीत ठेवून तोलत असतील तर टोपलीचं वजन वजा झालंय का विचारावं. काट्यावर वैधमापन खात्याच्या पडताळणीची मोहोर असते, ती बघायची सवय मुलांना किराणा दुकानापासूनच लावता येते. हे विचारल्याने कोणी रागावत नाही. रागावलाच तर तेही एक उत्तर आहे.

किलोच्या पावतीचा आणखी एक तोटा सहसा कोणी सांगत नाही. तिच्यावर वजन लिहिलेलं असतं, नग लिहिलेले नसतात. 13 किलो दिले, 13 किलोच्या आसपास परत आले. त्यात मुलीचा एक फ्रॉक आला नाही तर तो 150 ग्रॅमचा फ्रॉक कुठल्या कागदावर शोधणार? कपडे कोरडे होऊन परत येतात, तेव्हा वजन थोडं कमीच भरणार, त्यामुळे वजनावरून भांडताही येत नाही. नगाच्या दुकानात पावतीवर शर्ट 6, पँट 3 असं लिहून मिळतं. पूर्वी परीट प्रत्येक घराची खूण कपड्याच्या कोपऱ्यात बिब्ब्याने करत. बिब्ब्याचा डाग कितीही धुतला तरी जात नाही. आपल्या जंगलात बिब्बा आहेच, मुलांना दाखवा, पण हात लावू देऊ नका, त्याचं तेल अंगावर उततं. तेव्हा किलोने द्यायचेच असतील तर नगांची यादी दोन प्रतींत करून एक पिशवीत टाकावी. यादी मुलांनी लिहावी, शुद्धलेखनही होतं.

बलुतेदारीत तर परिटाला किलोही नव्हता आणि नगही नव्हता. वर्षाचं धान्य ठरलेलं, घरचे कपडे किती का असेनात. एका आजोबांनी हे वर्गात येऊन सांगितलं तेव्हा मुलांचा पहिला प्रश्न होता, "मग ज्यांच्या घरी माणसं जास्त त्यांचा फायदा?" उत्तर मी दिलं नाही, आजोबांवर सोडलं. ते हसले फक्त.

किलोचा दर सगळ्यांनाच तोट्याचा आहे, असं मात्र अजिबात नाही. आसनगाव-वाशिंदकडे खोली घेऊन राहणारी, कंपनीत काम करणारी मुलं-मुली बघा. त्यांच्या पिशवीत सात टी-शर्ट, दहा आतले कपडे, मोज्यांच्या सहा जोड्या, दोन पँट. वजन पावणेतीन किलोच्या आसपास, म्हणजे तीन किलो धरून नुसत्या धुण्याचे 240 रुपये. नगावर टी-शर्टचे 140, आतल्या कपड्यांचे आणि मोज्यांचे दहा-दहा रुपये धरले तरी 160, पँटचे 60. एकूण 360. हलके आणि खूप नग असले, इस्त्रीची गरज नसली, की किलो जिंकतो. ज्या ओळखीच्या माणसाने "किलोने स्वस्त पडतं" असं सांगितलं, त्याची पिशवी बहुधा अशी असते. तो खोटं बोलत नाही, त्याची पिशवी वेगळी आहे.

पुन्हा आपल्या घराकडे. हा सगळा हिशोब फळ्यावर झाल्यावर मुलीच्या आईला मी वहीत उतरवून दिला. त्यांनी शेवटची ओळ वाचली आणि म्हणाल्या, "मॅडम, अकराशे रुपये आठवड्याला? आमच्यात कोण देणार एवढे?" बरोबरच होतं त्यांचं. महिन्याला साडेचार हजार रुपये धुण्यावर घालवणारं घर आपल्याकडे नाही. तेव्हा पुढचा प्रश्न त्यांनीच विचारला, आणि तो आमच्या सगळ्या गणितापेक्षा शहाणा होता. "जे घरात वाळतच नाही तेवढंच दिलं तर?"

घरात काय वाळत नाही? साड्या एका रात्रीत वाळतात, चुलीच्या वरच्या दोरीवर तर लगेच. ब्लाऊज, टी-शर्ट दुसऱ्या दिवशी. लुगडं आजी स्वतःच घरभर पसरून वाळवतात, त्या ते कोणाला देणारच नाहीत. गणवेशाचं कापड मिश्र धाग्याचं, पाणी कमी धरणारं. गणवेश पिळून कोरड्या पंचात गुंडाळायचा, वर पाय देऊन दाबायचा, मग हँगरवर टाकायचा. सकाळी जो थोडा दमट राहतो तो इस्त्रीने जातो. आमच्या शाळेत पावसाळ्यात "गणवेश वाळला नाही" म्हणून घरी राहणारी दोन-तीन मुलं दर वर्षी असतात, त्यांच्या घरी मी आवर्जून हे सांगते. गणवेश नसेल तर साध्या कपड्यांत पाठवा, हेही सांगते.

राहिलं काय? पँट, टॉवेल आणि चादरी. जाड, जड, पाणी धरून ठेवणारे, चार-चार दिवस न वाळणारे. म्हणजे नेमके तेच तीन, जे किलोने महाग आणि नगाने स्वस्त. तिघांचं वजन 3 किलो 950 ग्रॅम. किलोने नुसतं धुवायला चार किलोचे 320 रुपये, तेही ओलाव्याने चार किलो ओलांडले नाहीत तर. नगाने पँटच्या इस्त्रीसकट 230. लोकलने पिशवी कल्याणला न्यायचीही गरज नाही.

दोनशे तीसही त्यांना जास्तच वाटले. चादरी एका आठवड्याआड द्यायच्या असं ठरलं. म्हणजे एका आठवड्याला 150 आणि दुसऱ्याला 230. जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून पिशवी जायला लागली. पावतीवर पँट 3, टॉवेल 3, चादर 2 असं लिहून येतं आणि मुलगी ती पावती गणिताच्या वहीत चिकटवते. दसऱ्याच्या आसपास ऊन पडलं की पिशवी बंद.